गझल शेवटाकडून वाचायला घ्या

बी.ए.च्या मराठीला आलेली मुले दरवर्षी साधारण दिवाळीच्या आसपास माझ्याकडे बेळगावला टिळकवाडीत येतात. कुणी खानापूरहून, कुणी निपाणीहून, कुणी येळ्ळूरहून सायकल मारत. हातात एक गझल आणि खाली सूचना असते, "पुढील गझलेचे रचनेच्या अंगाने विश्लेषण करा." मुले कविता वाचतात, अर्थ साधारण कळतो आणि मग पहिलाच प्रश्न येतो, "टीचर, यात गोष्ट काय आहे?"

गोष्ट नाही. बरेच पेपर बिघडतात ते इथेच. मी स्वतः शिकत असताना एका गझलेच्या सात शेरांची एक अखंड प्रेमकथा लिहून दिली होती. नायिका पहिल्या शेरात भेटली, चौथ्यात रुसली आणि शेवटच्यात वारली. मास्तरांनी समासात एवढेच लिहिले, "ही बाई कुठून आली?" म्हणून हे टिपण. विश्लेषण करताना मी काय, कोणत्या क्रमाने करते, ते एका गझलेवर दाखवते.

ही गझल मी वर्गाच्या सरावापुरती बांधली आहे. नामवंत कवीची घेतली असती तर चुका काढायला मुले बिचकतात. माझ्या काढायला कुणी बिचकत नाही.

खोडले अन् मांडले मी नाव माझे
शोधते आहे तरीही गाव माझे

मीठ मागायास आली रात्र जेव्हा
दाखवावे लागले ते घाव माझे

हार कोणाची खरी हे कोण सांगे
मोजले नाहीत कोणी डाव माझे

तोलणारा तागडीला दोष देई
एवढे का कोसळावे भाव माझे

दोन भाषांनी मला सांभाळले अन्
राहिले कोरेच सारे ताव माझे

आधी वहीवर हाताने उतरवून घ्या. दोन शेरांमध्ये दोन ओळी मोकळ्या ठेवा आणि उजवीकडे रुंद समास सोडा. झेरॉक्सवर खुणा केल्या तर जागा पुरत नाही, आणि हाताने लिहिताना शेवटचा शब्द दर दोन ओळींनी परत येतो हे बोटांना आधी कळते.

पहिली पायरी: मतला मागून वाचा

पहिल्या शेराला मतला म्हणतात. गझलेचा सगळा करार याच दोन ओळींत ठरतो, म्हणून बाकीच्या शेरांकडे सध्या बघू नका. दोन्ही ओळी शेवटच्या अक्षरापासून मागे वाचत या आणि कुठपर्यंत जुळतात ते पाहा.

शेवटी दोन्हीकडे "माझे" आहे. अख्खा शब्द जसाच्या तसा परत आला, तो रदीफ. मराठीत त्याला अंत्ययमक म्हणतात. त्याच्या खाली दोन रेघा ओढा. आता एक शब्द मागे या. वरच्या ओळीत "नाव", खालच्या ओळीत "गाव". शब्द बदलला, पण शेपूट जुळले, हा काफिया, म्हणजे यमक. त्याला गोल करा. आता या गोलाच्या आत बघा. न आणि ग बदलले, व तोच राहिला आणि त्या व-च्या आधीचा "आ" हा स्वरही तोच राहिला. हा न बदलणारा स्वर म्हणजे अलामत.

अलामत मुले सर्रास विसरतात. "यमकात व येतो" एवढे लिहून पुढे जातात. मग मी विचारते, सहाव्या शेरात मी "देव माझे" आणले तर चालेल का? व आहे, अक्षरेही तेवढीच आहेत, ओळ म्हणूनही बघता येते. तरी चालणार नाही. "देव"मध्ये व-च्या आधी ए आहे आणि मतल्याने आ कबूल केला आहे. "काफिया आव या ध्वनीवर बांधला आहे, अलामत आ" असे एक वाक्य लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की तुम्हाला हे खरोखर दिसले आहे.

उलटी चूकही होते. दोन्ही ओळींत "आव माझे" एवढा भाग सारखा आहे, म्हणून काहीजण तो सगळाच रदीफ म्हणून लिहितात. रदीफ पूर्ण शब्दाचा किंवा शब्दसमूहाचा असतो. "आव" इथे सुटा शब्द नाही, "नाव"चे शेपूट आहे, त्यामुळे ते काफियाच्या घरात जाते.

आता उरलेले चार शेर बघा. त्यांच्या फक्त दुसऱ्या ओळीच्या शेवटी काफिया आणि रदीफ आलेले असतील: घाव माझे, डाव माझे, भाव माझे, ताव माझे. पहिल्या ओळी जेव्हा, सांगे, देई, अन् अशा कशानेही संपतात, त्या मोकळ्या आहेत. पडताळा सोपा आहे. पाच शेर म्हणजे सहा काफिये, कारण मतल्यात दोन लागतात. मोजून पाच भरले तर मतल्यातला एक तुमच्या नजरेतून सुटला. सात भरले तर एकतर दुसऱ्या शेराच्याही दोन्ही ओळी जुळवलेल्या आहेत, किंवा तुम्ही मोकळ्या ओळीला यमक समजलात.

आपल्या भागातल्या मुलांसाठी एक जादा सूचना. ज्यांनी कन्नड शाळेत जुनी कन्नड कविता वाचली आहे, त्यांना प्रास म्हटले की ओळीतले दुसरे अक्षर आठवते, कारण तिथे आदिप्रास असतो आणि दर ओळीच्या दुसऱ्या अक्षरात तेच व्यंजन येते. संकेश्वरकडचा एक मुलगा अर्धा तास ओळींच्या सुरुवाती तपासत बसला होता आणि "काहीच जुळत नाही" म्हणाला. त्याचा कान चांगला होता, तो फक्त दुसऱ्या टोकाला लावलेला होता. गझलेचा प्रास ओळीच्या शेवटाकडे असतो, आणि तिथेही अगदी टोकाला नसून रदीफाच्या एक पाऊल आधी.

दुसरी पायरी: एका ओळीची लगावली

यावर फार वेळ घालवू नका, पण एक ओळ तरी लघु-गुरू लावून दाखवा, लघूला ल आणि गुरूला गा. दुसऱ्या शेराची पहिली ओळ घेऊ.

मी ठ मा गा | या स आ ली | रा त्र जे व्हा
गा ल गा गा | गा ल गा गा | गा ल गा गा

गालगागा तीनदा, म्हणजे बारा अक्षरे आणि एकवीस मात्रा. बाकीच्या नऊ ओळी याच साच्यात बसतात, त्या घरी लावून बघा. दोन ठिकाणी पेन्सिल अडखळते. "रात्र"मधला त्र जोडाक्षर दिसतो, म्हणून मुले त्याला गुरू करतात. जोडाक्षर आपल्या आधीच्या अक्षराला गुरू करते, स्वतः आपोआप गुरू होत नाही. रा आधीच गुरू आहे आणि त्र-मध्ये ऱ्हस्व अ आहे म्हणून तो लघू. दुसरी जागा "अन्". पाय मोडलेला न् वेगळा मोजायचा नाही, तो मागच्या अ-ला जड करतो आणि दोघे मिळून एक गुरू होतात.

लगावलीचा खरा उपयोग पुढे होतो. मतल्यात "लिहिले मी नाव" असे साधे का नाही म्हटले? कारण "लिहिले" म्हणजे ल ल गा, आणि त्या जागी गा ल गा हवे आहे. "मांडले" बसते. वृत्ताने शब्द बदलायला लावला, हे खरे. पण बदललेल्या शब्दाने काय आणले तेही बघायला हवे. आपण हिशेब मांडतो, संसार मांडतो, देव्हारा मांडतो. नाव "लिहिले" असते तर कागदापुरते राहिले असते, "मांडले" म्हटल्यावर त्यात जमाखर्चाची आणि नव्याने घर थाटण्याची छटा आली. विश्लेषणात वृत्त असे अर्थाला जोडले तरच त्याला जागा द्या. नुसते नाव आणि मात्रा लिहून सोडायचे असेल तर एक ओळ बास.

तिसरी पायरी: बाकीचे शेर झाकून एकेक शेर वाचा

सुरेश भटांनी "गझलेची बाराखडी"त गझलेची ओळख करून देताना शेर म्हणजे दोन ओळींची एक संपूर्ण कविता असे धरले आहे, आणि एकाच वृत्तातल्या, एकच यमक-अंत्ययमक असलेल्या अशा किमान पाच कवितांची बांधणी म्हणजे गझल. हे शब्दशः घ्या. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा कापा आणि बाकीचे शेर झाकून टाका. समोर दोनच ओळी राहू द्या.

मग त्या दोन ओळींचे गद्य वाक्य करा, म्हणजे अन्वय लावा. कर्ता कोण, क्रियापद कुणाचे, हे ठरवा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण सगळे हाती लागते ते इथेच. मतलाच बघा. "शोधते आहे तरीही गाव माझे" यात शोधते कोण? माझ्या डोक्यात लिहिताना एकच अर्थ होता, की मी, एक बाई, माझे गाव शोधते आहे. कडोलीच्या एका मुलीने वर्गात हात वर केला, "टीचर, गावच शोधतंय की." बरोबर होते. "गाव" नपुंसकलिंगी आहे आणि त्याचेही क्रियापद "शोधते आहे" असेच होते. नाव खोडून पुन्हा मांडले, तरी मूळ गाव अजून मला शोधत हिंडते आहे. व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देते, म्हणून दोन्ही लिहायचे. आणि कोणता का पटतो, त्याला ओळीतलाच पुरावा द्यायचा. पहिल्या ओळीत "मी" कर्ता आहे, तोच दुसरीत चालू राहतो असे धरले तर बाई शोधते. "तरीही"वर जोर दिला, म्हणजे मी नाव बदलले तरीही, तर गाव शोधते. मला आता त्या मुलीचाच अर्थ जास्त आवडतो.

तिसऱ्या शेरात याच्या उलट झाले. "हार कोणाची खरी" यात एकाने हार म्हणजे फुलांचा हार असा श्लेष काढला आणि सत्कार-समारंभावर पानभर लिहिले. कल्पना छान होती. पण फुलांचा हार पुल्लिंगी, तो "कोणाचा खरा" झाला असता. ओळीत "कोणाची खरी" आहे, तेव्हा ती पराभवाचीच हार. श्लेष सापडल्यासारखा वाटला की लिंग, वचन आणि क्रियापद या तिन्हींना विचारून बघायचे. तिन्ही हो म्हणाले तरच लिहायचे.

दुसरा शेर सावकाश वाचू, कारण गझलेच्या शेराची चाल त्यात नीट दिसते. पहिली ओळ, "मीठ मागायास आली रात्र जेव्हा." इथे थांबा, खालची ओळ हाताने झाका आणि तुम्हाला काय अपेक्षित आहे ते लिहा. शेजारीण मीठ मागायला येते, तशी रात्र आली आहे. चित्र घरगुती आहे, आपण वाटी पुढे करू असे वाटते. "जेव्हा"ने वाक्य अर्धवट टांगून ठेवले आहे. आता खालची ओळ उघडा, "दाखवावे लागले ते घाव माझे." मिठाची वाटी नाही, घाव पुढे आले. का? कारण मीठ तिथे आहे, जखमांवर चोळलेले. हा वाक्प्रचार शेरात कुठेच उच्चारलेला नाही, तरी मराठी वाचणाऱ्याच्या कानात तो वाजतो आणि दोन ओळी त्याच्यावर जोडल्या जातात. पहिली ओळ प्रश्न उभा करते, दुसरी त्याचे अनपेक्षित उत्तर देते आणि ते उत्तर काफियाच्या शब्दावर येऊन फुटते. "घाव" ऐकेपर्यंत काहीच उलगडत नाही. म्हणूनच मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा म्हणतात, लोकांना तिथे ताटकळत ठेवायचे असते.

"दाखवावे लागले" हेही बघा. "दाखवले" नाही. नाइलाज आहे, घरात द्यायला दुसरे मीठच नाही. आणि "ते"? ते भरतीचे आहे. अक्षर कमी पडत होते म्हणून मी घातले, त्याने अर्थात काही भर पडत नाही. विश्लेषणात असे लिहायला घाबरू नका, फक्त कारण द्या: "ते" काढले तर अर्थ तसाच राहतो, वृत्त मात्र एका गुरूने उणे पडते.

चौथी पायरी: रदीफ काढून बघा

रदीफ दर शेरात परत येतो, म्हणून "त्यामुळे लय निर्माण होते" असे लिहून मुले मोकळी होतात. तो तिथे काम करतो आहे की नुसता उभा आहे, हे तपासायची युक्ती सोपी आहे. त्याच्या जागी दुसरा शब्द घालून वाचा. "माझे"च्या जागी "त्याचे" घ्या.

चौथा शेर: "तोलणारा तागडीला दोष देई, एवढे का कोसळावे भाव त्याचे." ही बाजारातली बातमी झाली. कांद्याचा दर पडला, व्यापारी तराजूवर खापर फोडतो आहे. आता "माझे" परत ठेवा. "भाव माझे" म्हणजे मी विकायला ठेवलेला माल आहे, तागडीत मीच आहे. बोलणारा शेतकरी असेल असे पहिल्यांदा वाटते, पण शेतकऱ्याच्या मालाचे भाव पडतात, त्याचे स्वतःचे नाही. तागडीतला मालच तोंड उघडून बोलतो आहे, ही शेराची सगळी गंमत रदीफाने आणली. शिवाय "भाव" म्हणजे मनातले भावही, आणि इथे लिंग-वचन दोन्ही अर्थांना चालते, दोन्ही पुल्लिंगी अनेकवचनी आहेत. मात्र "कोसळावे" हे क्रियापद दराकडे जास्त झुकते, मनातले भाव सहसा कोसळत नाहीत. म्हणून दर हा पहिला अर्थ आणि भावना ही त्याची सावली, असा उतरता क्रम लावा. दोन्ही सारख्या वजनाचे आहेत असे लिहू नका.

तिसऱ्या शेरावर हीच परीक्षा करा. "मोजले नाहीत कोणी डाव त्याचे." काय बदलले? फारसे काही नाही. तक्रार माझी होती ती त्याची झाली, एवढेच. इथे रदीफ निभावला आहे, पण त्याच्यावाचून शेर अडत नाही. पाचातला हा कच्चा शेर, आणि त्याची दुसरी ओळ लिहून झाल्यावर पहिली मागून जुळवली होती हे मी कबूल करते. ते दिसतेही. "हे कोण सांगे" हा तुकडा कुठल्याही शेराला चिकटवता येईल.

रदीफाबद्दल आणखी एक गोष्ट फार कमी मुलांच्या लक्षात येते. "नाव माझे", "गाव माझे" इथे "माझे" एकवचनी आणि नपुंसकलिंगी आहे. "घाव माझे"पासून पुढे तेच "माझे" पुल्लिंगी अनेकवचनी होते. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, व्याकरणाने तो वेगळा असतो. मतल्यात एक नाव, एक गाव, आणि खाली अनेक घाव, अनेक डाव, अनेक ताव. हे मी ठरवून केले नव्हते, मराठीने करून दिले. तरी पानावर ते आहे, म्हणजे लिहिता येते.

पाचवी पायरी: शेरांना एका दोरीत ओवण्याआधी

आता पुठ्ठा काढा. सगळी गझल समोर ठेवा आणि तिसरा व चौथा शेर अदलाबदल करून वाचा. काही बिघडले? नाही. दुसरा शेवटी नेला तरी चालतो. फक्त मतला हलवता येत नाही, कारण करार आधी व्हावा लागतो. शेवटच्या शेरात कवीचे टोपणनाव असेल तर तो मक्ता, आणि तोही जागचा हलत नाही. आपल्या गझलेत तो नाही, मराठीत पुष्कळ गझलांत नसतो, तेव्हा "मक्ता नाही" एवढे लिहा आणि पुढे चला. शेर हलवल्यावर अर्थ तुटायला लागला तर ती मुसलसल गझल, म्हणजे एकच विषय सलग चालवणारी. मग तसे नमूद करून क्रमाचा विचार करावा लागतो.

शेर सुटे आहेत म्हणून त्यांच्यात काहीच नाते नाही, असेही नाही. वृत्त आणि यमक-अंत्ययमक यांची जमीन एक आहे, आणि शब्द एकमेकांकडे बघत असतात. मतल्यात नाव खोडून मांडणे आहे, शेवटच्या शेरात कोरे ताव आहेत. लिहिण्याचे चित्र दोन टोकांना आले. "दोन भाषांनी मला सांभाळले" हे आपल्याकडच्या वाचणाऱ्याला लगेच कळते. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि दोन्ही पाट्या वाचत वाढलेला माणूस. मात्र शेरात बेळगावचे नाव नाही, सीमेचा उल्लेख नाही. धारवाडच्या किंवा सोलापूरच्या वाचणाऱ्याला तो दुसऱ्याच दोन भाषांचा वाटेल. "हा शेर सीमाप्रश्नावर आहे" असे ठोकून देऊ नका. "दोन भाषा सांभाळतात, तरी कागद कोरा राहतो, सांभाळणे आणि बोलते करणे यांत अंतर पडले" इथपर्यंत शेर तुम्हाला नेतो. त्यापुढे तुमचा अनुभव सुरू होतो, तो लिहायचाच असेल तर "मला" म्हणून लिहा.

पेपर लिहायला बसताना

व्याख्यांनी सुरुवात करू नका. गझल म्हणजे काय, ती फारसीतून कशी आली, मराठीत माधव जूलियनांनी काय केले, असे दोन पानभर लिहून मग गझलेला हात घालणारे पेपर मी बघितले आहेत. समोरच्या गझलेला उरतात आठ ओळी. पहिल्या परिच्छेदात मतल्याचा करार चार वाक्यांत मांडा, मग दोनच शेर निवडा आणि त्यांना जागा द्या. पाचही शेरांचा सारखा अर्थ लिहिणे म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना एकेक बत्तासा वाटणे. बाकीच्या तीन शेरांचा उल्लेख रदीफाची परीक्षा करताना येतोच.

शेर उद्धृत करताना दोन्ही ओळी द्या. अर्धी ओळ तोडून दिली की काफिया एकीकडे आणि त्याची तयारी दुसरीकडे राहते. माझ्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्या शेरावर लिहिलेला परिच्छेद तिच्या परवानगीने देते. यात एकही व्याख्या नाही.

"पहिल्या ओळीत रात्र शेजारणीसारखी मीठ मागायला येते. जेव्हा या शब्दाने वाक्य अपुरे राहते आणि आपण घरगुती उत्तराची वाट बघतो. दुसऱ्या ओळीत घाव हा काफिया येतो आणि मिठाची जागा कळते. जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार न उच्चारता वापरला आहे. लागले या क्रियापदामुळे दाखवणे नाइलाजाचे होते. माझे हा रदीफ इथे आवश्यक आहे, कारण दुसऱ्याचे घाव दाखवून शेजारधर्म पाळता येत नाही. ते हा शब्द मात्र वृत्तासाठी आला आहे."

शेजारधर्माचे मला सुचले नव्हते. मी समासात बरोबरची खूण केली आणि "आवश्यक" शब्दाखाली रेघ ओढून विचारले की तिसऱ्या शेरातही तो तेवढाच आवश्यक आहे का. ती उत्तर घेऊन पुढच्या रविवारी येणार आहे.